टोमणा काढा, हरकत ठेवा
(वाचनमंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी परीक्षण या विषयावर बोलणार आहे. म्हणजे साहित्य म्हणजे काय, समीक्षा म्हणजे काय, असलं काही नाही. ते सांगायला विद्यापीठं बसलीत. मी एका परीक्षणाबद्दल बोलणार आहे. ते आपल्या अंकासाठी आलं होतं, सहा वाक्यांचं होतं आणि जाळ होता नुसता. ते आपण दुरुस्त कसं केलं, आणि दुरुस्त करताना त्यातली एकही हरकत कशी खाली पडू दिली नाही, एवढंच सांगतो.

पुस्तक एका नव्या पोराची पहिली कादंबरी. ऊसतोड कामगारांवर. पानं दोनशे बारा. नाव सांगत नाही, लेखकाचंही आणि परीक्षण लिहिणाऱ्या आपल्या मित्राचंही. मुद्दा त्या दोघांचा नाही. परीक्षण ऐका :

"लेखकमहाशयांनी ऊस पाहिला असावा, बहुधा रसवंतीवर. यातला मुकादम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मिशीलाच पीळ भरतो, मिशी दुखली नसेल का बिचाऱ्याची? नायिका पानोपानी रडते, बोलत मात्र नाही, म्हणे रडून घसा बसला असावा. चौदाव्या प्रकरणात नायक कोयता ठेवतो आणि थेट सभेचा अध्यक्ष होतो. शेवटी कलेक्टरसाहेब देवासारखे प्रकटतात आणि सगळ्यांचं भलं करून अंतर्धान पावतात. हा कागद गूळ बांधायला वापरला असता, तर ऊसतोड्यांचं जास्त भलं झालं असतं!"

हसलात ना? बैठकीत वाचलं तेव्हाही सगळे हसले. आणि हसून झाल्यावर मी विचारलं, की बाबांनो, कादंबरीत नेमकं काय चुकलंय ते सांगा. कुणालाच धड सांगता येईना. मिशी लक्षात राहिली, गूळ लक्षात राहिला. चूक कुठंय? टोमण्याचं हे असं असतं. लोकांना वाटतं टोमणा फार कडक. तसं नाही. टोमणा लेखकाला सोडून देतो. त्याला म्हणता येतं, की हा माणूस माझ्यावर जळतो. आणि वाचकही म्हणतो, असेल बुवा. हरकत तशीच राहते, तिला कुणी हात लावत नाही.

म्हणून पहिलं काम आम्ही असं केलं. कागदाच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडं एकेक वाक्य, उजवीकडं त्यातली हरकत. टोमण्यातून हरकत सोलायची. सोलताना परीक्षणकर्त्याला समोर बसवायचंच, कारण त्याच्या मनात काय होतं ते संपादकानं ठरवायचं नसतं.

पहिलं वाक्य, रसवंतीचं. वरून पाहिलं तर ही निव्वळ शिवी आहे, लेखकाच्या अंगावर गेलेली. एखादा संपादक म्हणेल, व्यक्तिगत आहे, काढून टाका. पण आम्ही मित्राला विचारलं, तुला हे कुठल्या पानावर वाटलं? तो म्हणाला, "पानावर नाही. जे पानावर नाही त्याच्यावरून वाटलं. उचल किती घेतली, टनाला काय भाव, हंगाम संपल्यावर किती फिटली, पुस्तकभर एक आकडा नाही." आता बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात, तोडलेल्या टनांतून ती फेडतात, आणि नाही फिटली तर पुढच्या हंगामाला डोक्यावर घेऊन जातात. माणूस बांधला जातो तो या हिशोबानं. तो हिशोबच कादंबरीत नाही. म्हणजे सगळ्यांत मोठी हरकत सगळ्यांत उथळ टोमण्याच्या पोटात होती. शिवी म्हणून काढली असती तर तीही गेली असती.

दुसरं वाक्य मिशीचं. हरकत अशी, की मुकादम दुष्ट आहे पण का दुष्ट आहे ते नाही. मुकादमानंही कारखान्याच्या बाजूकडून पैसा उचललेला असतो. टोळी पळाली तर तो त्याच्या अंगावर येतो. म्हणून तो रात्री कोपीवर येऊन माणसं मोजतो. हे दाखवलं असतं तर त्याचा जुलूम कमी झाला नसता, समजला असता.

तिसरं, रडण्याचं. "पानोपानी रडते" हे खरं का? आम्ही पेन्सिल घेऊन मोजलं. अकरा वेळा. दोनशे बारा पानांत अकरा. पानोपानी नाही. लेखकानं पत्र लिहून "अकराच वेळा" म्हटलं असतं, तर परीक्षण तिथंच आडवं झालं असतं, आणि बाई बोलत नाही ही खरी हरकत त्याच्याबरोबर बुडाली असती. तेही मोजलं. तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. अर्धा कोयता तिचा, मोळ्या ती बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत ती वाहते, आणि पुस्तकभर मुकी.

चौथ्यात हरकत भाषेची आहे. नायक तेरा प्रकरणं बोलीत बोलतो, चौदाव्यात चार पानं छापील मराठीत भाषण करतो. तिथं तो बोलत नाही, लेखक बोलतो. पाचव्यात हरकत शेवटाची : कलेक्टर येईपर्यंत टोळीतल्या एकाही माणसानं अर्ज केलेला नाही, तक्रार केलेली नाही, काम बंद केलेलं नाही. सुटका बाहेरून येते.

आणि सहावं, गुळाचं. यात काय आहे? काहीजण म्हणाले, काही नाही, फेकून द्या. मित्र म्हणाला, "नाही. माझं म्हणणं आहे की हे पुस्तक आत्ता छापायला नको होतं." मग ती हरकत झाली. आवडो न आवडो, ठेवायची. सहा वाक्यं, सहा हरकती.

दुसरं काम लिहिण्याचं. मित्रानंच पुन्हा लिहिलं. टोमण्याची हत्यारं मराठीत ठरलेली आहेत, ती आधी काढली. 'महाशय', 'साहेब', 'बिचारा' हा फाजील मान आधी गेला, कारण आपल्या भाषेत जास्तीचा मान हाच अपमान असतो. 'म्हणे' गेलं. 'बहुधा... असावा' गेलं. उद्गारचिन्ह गेलं.

पण इथं दुसरा खड्डा आला. पहिला खर्डा एवढा गोड झाला की विचारू नका. "प्रयत्न स्तुत्य", "थोडासा वाव", "पुढील वाटचालीस शुभेच्छा". मग आम्ही एक युक्ती केली. जुनं परीक्षण न पाहिलेल्या एका मैत्रिणीला नवं वाचायला दिलं आणि म्हटलं, यातल्या हरकती कागदावर लिही. तिनं चार लिहिल्या. दोन कुठं गेल्या? बाईची हरकत "नायिका बोलती झाली असती तर?" असा प्रश्न होऊन बसली होती. प्रश्नाला कोण हरकत म्हणतं? आणि कलेक्टरच्या शेवटाला मित्रानं "आशादायी" म्हटलं होतं, म्हणजे हरकतीची तारीफ झाली. म्हणून सांगतो, ही परीक्षा चुकवू नका. यादीत सहा तर वाचणाऱ्याच्या कागदावर सहा. पाच आल्या तरी खर्डा परत.

तिसऱ्या खर्ड्याला सहा आल्या. तो असा :

"ऊसतोड टोळीचा एक हंगाम या कादंबरीत आहे. कोपीतली पहाट आणि फडातलं काम लेखकानं जवळून लिहिलं आहे. पण टोळी ज्या हिशोबानं बांधली जाते तो हिशोब कादंबरीत नाही. उचल किती, टनाचा भाव काय, शेवटी किती फिटलं, हे कुठंच येत नाही. त्यामुळं पिळवणूक दिसते, तिची रीत दिसत नाही. मुकादमाचंही तेच. तो क्रूर आहे, पण त्याच्यावर कुणाचा दाब आहे ते लेखक सांगत नाहीत, म्हणून तो माणूस न राहता खूण होतो. नायिका अकरा वेळा रडते आणि एकदाही बोलत नाही. कोयत्याचं अर्धं काम करणाऱ्या बाईला गप्प ठेवणं हा या कादंबरीचा मोठा दोष आहे. चौदाव्या प्रकरणात नायकाची बोली सुटते आणि चार पानं लेखक स्वतः बोलतात. शेवटी कलेक्टर येऊन प्रश्न सोडवतात. त्याआधी टोळीनं काहीच केलेलं नाही, म्हणून हा शेवट कादंबरीतून येत नाही, वरून येतो. आमच्या मते हे लेखन आणखी एकदा लिहून मग छापायला हवं होतं."

आता सांगा, कुठलं कडक? यात कुणी हसत नाही, पण लेखकाला पळायला जागा नाही. सुरुवातीला कोपीतल्या पहाटेचं वाक्य आहे, ते गोड लावायला नाही. ते खरं आहे म्हणून आहे. खरं काही सापडलं नसतं तर ते लिहिलं नसतं.

ही रीत आपण शोधलेली नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. वय सत्तावीसच्या आसपास, समोर जगात गाजलेला तत्त्वज्ञ. त्यांनी आधी रसेल काय म्हणतो ते नीट मांडलं. मग मालमत्ता आणि पैशाचा लोभ याबद्दलचं रसेलचं म्हणणं का पटत नाही, ते युक्तिवाद करून लिहिलं. चेष्टा नाही आणि लोटांगणही नाही.

आपल्या लोकांच्या पुस्तकांना दोन तऱ्हेची वागणूक मिळत आली. एक नाक मुरडणारी, आणि दुसरी "त्यांच्या मानानं बरं आहे" म्हणून पाठ थोपटणारी. दोन्हींत समोरच्याला बरोबरीचं धरलेलं नसतं. बरोबरीच्या माणसाला आपण पान क्रमांक सांगतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. काही परीक्षणांत रेघ ओढली की उजवी बाजू कोरीच राहते. लिहिणाऱ्याला विचारलं, कुठल्या पानावर? तर तो म्हणतो, "एकूणच." असं परीक्षण दुरुस्त होत नाही. आपल्या पदरची हरकत त्यात घालायची नाही, ते परत पाठवायचं. आणि हरकत आहे पण पुरावा सापडत नाही, तेव्हा ती मागं घ्यायची की नाही हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं. आपण गुपचूप कात्री चालवायची नाही.

कादंबरीवाल्या पोराचं उत्तर आलं. मुकादमाबद्दलची हरकत त्याला मान्य नाही. मुकादमाची बाजू मला सांगायचीच नव्हती, असं तो लिहितो आणि कारणं देतो. ते उत्तर पुढच्या अंकात जसंच्या तसं छापतोय. मिशीच्या टोमण्याला असं उत्तर देताच आलं नसतं.

एवढंच. आता तुमच्याकडची परीक्षणं काढा आणि रेघ ओढा.