रात्री पडणारा खटका



आज मी तुम्हाला माझ्याच घरची एक हकीकत सांगणार आहे. जुन्नर तालुक्यातलं आमचं घर. घराला लागूनच पत्र्याचा गोठा, त्यात दोन म्हशी, एक गाय आणि तिचं वासरू. आमच्याकडं बिबट्याचा वावर असल्यामुळं गोठ्यात रात्रभर दिवा ठेवावाच लागतो. मागल्या मार्गशीर्षात हा दिवा रोज रात्री विझायला लागला. दिवा कसला, सबंध घरच अंधारात जायचं. उठून बोर्ड पाहावा तर खटका पडलेला. वर केला की कधी दहा मिनिटं टिके, कधी लगेच पडे. सकाळी नऊनंतर मात्र दिवसभर काही तक्रार नाही.

आठ दिवस आम्ही असे काढले. एक तरुण वायरमन आला. दुपारची वेळ होती, सगळं ठीक चाललेलं. तो म्हणाला, "हा खटका नाजूक झालाय. तारा थेट जोडून देतो, पुन्हा पडायचा नाही." मुलालाही ते पटलं. वासराची काळजी होतीच. पण आमच्या आई म्हणाल्या, "आधी तात्यांना विचारा."

तात्या म्हणजे आमच्या गावातले जुने वायरमन. वय पंचाहत्तरीच्या पुढं. ते आले, ओट्यावर बसले आणि हत्यारांची पिशवी उघडण्याआधी त्यांनी विचारलं, "पडतो तो खटका कोणता?" मी बोर्ड दाखवला. ओळीनं बसवलेले लहान एमसीबी वरच होते. पडत होता तो टी अक्षराचं बटण असलेला मोठा खटका, म्हणजे आरसीसीबी.

तात्या म्हणाले, "मग लोड जास्त झालेला नाही. लोड झाला असता तर एमसीबी पडला असता. हा खटका एवढंच बघतो, की फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का. कमी आली, तर राहिलेली कुठंतरी जमिनीत गळतेय. तीस मिलिअँपिअरची गळती झाली की हा पडणारच. नऊ वॅटचा बल्ब घेतो त्यापेक्षाही ती कमी. खटका पडतोय म्हणजे तो बिघडलेला नाही, आपलं काम करतोय."

मग त्यांनी दुसरं विचारलं, "कोणत्या रात्री पडला नाही?" हे आम्ही कोणी ध्यानातच घेतलं नव्हतं. सूनबाईंनी आठवून सांगितलं, की मध्ये दोन रात्री आभाळ आलं होतं, तेव्हा दिवा सकाळपर्यंत जळत होता. तात्या हसले. "आभाळ असलं की दहिवर पडत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू? तुमचा दोष पाण्यात आहे."

त्यांनी मेन बंद केला, सगळे प्लग आणि दिवे काढायला लावले आणि मेगर लावून एकेक लाइन तपासली. तारेवरचं वेष्टण किती पक्कं आहे ते मेगर सांगतो. घरातल्या लाइनी शंभर मेगओहमच्या वर निघाल्या. गोठ्याची लाइन मात्र तीन. तात्या म्हणाले, "एवढ्यानं खटका पडत नाही. पण बाकीच्या शंभरावर आणि ही तीनावर का? पहाटे पुन्हा बघू."

त्या संध्याकाळी त्यांनी गोठ्याच्या लाइनच्या फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा बोर्डातून सोडवल्या. एमसीबी नुसता खाली केला तर फेज तुटते, न्यूट्रल जोडलेलीच राहते, म्हणून दोन्ही सोडायच्या. त्या रात्री आम्ही गोठ्यात बॅटरीचा कंदील लावला आणि मुलगा ओट्यावर झोपला. आभाळ स्वच्छ होतं, थंडी कडक. रात्रभर खटका पडला नाही. पहाटे पाचला तात्या आले आणि सोडवलेल्या लाइनला मेगर लावला. काटा शून्याला टेकला. दुपारी तीन मेगओहम दाखवणारी तीच लाइन!

मग त्यांनी सगळी लाइन चाचपत न बसता गोठ्यात वर बॅटरी मारली. पत्र्याच्या आतल्या अंगाला घाम फुटलेला. जनावरांचा श्वास गरम आणि ओला. स्वच्छ रात्री पत्रा गार पडतो, त्याला ती वाफ लागली की पाणी होतं आणि अँगलवरून ओघळतं. ऊन तापलं की सगळं सुकतं. घराच्या भिंतीतल्या भोकातून निघालेली केबल त्याच अँगलला बांधलेली होती. भिंतीत पाइप होता, पुढं नव्हता. खाली कडबा रचलेला.

मेन बंद असल्याची खात्री करून तात्यांनी मुलाला शिडीवर चढवलं. कडब्याच्या माथ्यावर लेंड्या. अँगलवर उंदरांच्या येण्या-जाण्याचा तेलकट, काळपट पट्टा. तिथंच केबलचं वेष्टण चार बोटं कुरतडलेलं. दातांच्या जोडखुणा स्पष्ट दिसत होत्या. फेजचं तांबं उघडं पडून हिरवट झालेलं, आणि शेजारी अँगलवर ठिणग्यांचा काळा डाग. कडबा तिथून हातभर अंतरावर!

उंदीर वायर खायला कुरतडत नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी लागतंच.

मंडळी, आता तो थेट जोडणीचा सल्ला आठवा. खटका काढला असता तर ती गळती चालूच राहिली असती. सोळा अँपिअरचा एमसीबी अर्ध्या-एक अँपिअरच्या गळतीनं कधी पडत नाही. अँगलला जोडलेले लोखंडी खांब, आणि त्याच खांबांना आमची जनावरं बांधलेली. पुढचे नि मागचे पाय लांब असल्यानं जनावराला विजेचा धक्का माणसापेक्षा लवकर मारतो. धार काढायला बसणारी आमची सूनबाई. नाहीतर कडबा पेटला असता.

तात्यांनी चिकटपट्टी लावू दिली नाही. बोर्डापासून गोठ्यापर्यंत नवी केबल, मध्ये जोड नाही, सगळी पाइपातून. पाइप कडब्यापासून दूर भिंतीनं नेला. भिंतीतलं भोक जाळी आणि सिमेंटनं बुजवलं. गोठ्याचा लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडला. शेवटी त्या स्वच्छ थंडीतच पहाटे पुन्हा मेगर लावून पाहिला, तेव्हा काटा शंभराच्या वर गेला.

जाताना त्यांनी आरसीसीबीचं टीचं बटण दाबायला लावलं. खटका पडला. "महिन्यातून एकदा असं दाबायचं. पडला नाही तर बदलायचा. पण एक ध्यानात ठेवा, एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर हा तुम्हाला वाचवणार नाही. त्याला ती गळती वाटतच नाही."

तुमच्याकडं असा खटका पडला तर कोणता पडला, किती वाजता, आणि हवा कशी होती, एवढं वहीत लिहून ठेवा. तारांना हात लावू नका, वर चढू नका. ती वही परवानाधारक वायरमनच्या हाती द्या. आमचं अर्धं काम सूनबाईंच्या त्या आठवणीनंच झालं.

राम राम.