दहा मिनिटांची देवपूजा

श्रोतेहो, आपल्या कराड, पाटण, वाळवे भागातली कितीतरी मुलं आज पुण्यामुंबईला आहेत. जाताना त्यांनी देव्हारा नेला, टाक नेले. पण पूजेला लागणारा पाऊण तास काही नेता आला नाही. मग दोनच गोष्टी होतात. देवाला घाईने पाणी घालून मोकळं व्हायचं, नाहीतर पूजा बंदच.

आमच्या माहितीच्या एका कराडच्या घरात सुनेने सासूबाईंना पुण्याहून फोन केला. "आई, साडेआठला घर सोडावं लागतं. दहा मिनिटांत होईल अशी पूजा सांगा ना." सासूबाई म्हणाल्या, "सांगून नाही गं कळायचं. करून दाखवते." धाकट्या नातवाने मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि धाडून दिला.

आता कुणी विचारील, दहा मिनिटांची पूजा शास्त्राला धरून होईल का? होईल. पूजेचे उपचार सोळा. त्यांतला नववा ते तेरावा, म्हणजे गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य, हे पाच केले की ती पंचोपचार पूजा. ही सोय जुन्यांनीच करून ठेवली आहे.

सासूबाईंनी ती कशी केली, पाहा. पहिली दोन मिनिटं कालचं निर्माल्य काढणं, देव कोरड्या फडक्याने पुसणं आणि समई लावणं. मग आचमन, गणपतीचं स्मरण, आणि फूल पाण्यात बुडवून देवांवर शिंपडणं. हे झालं मिनिटभराचं. रोज ताम्हनात घेऊन स्नान नाही. ते आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी. चांदीचे टाक पातळ पत्र्याचे असतात. रोज चिंचेने घासले तर काही वर्षांत देवाचे नाकडोळे पुसट होतात.

पुढची तीन मिनिटं गंधफुलांची. गंध अनामिकेने लावायचं, देवीला हळदकुंकू. बाळकृष्णाला तुळस, गणपतीला दूर्वा, महादेवाला बेल. जे मिळेल ते, न मिळाल्यास अक्षता. मग डाव्या हाताने घंटा वाजवत उजव्या हाताने उदबत्ती आणि नंतर निरांजन ओवाळायचं. याला दोन मिनिटं. शेवटी देवापुढे पाण्याने लहानसा चौकोन काढून त्यावर दूधसाखरेची वाटी ठेवायची, तुळशीच्या पानाने भोवती पाणी फिरवायचं, आणि राहिलं-चुकलं त्याची क्षमा मागून नमस्कार. झाली दहा मिनिटं.

सुनेने आठवडाभर व्हिडिओ पाहून पूजा केली. तरी रोज वीस-पंचवीस मिनिटं लागत! कारण काय? तीन मिनिटांच्या चित्रात गंध उगाळलेलं दिसतं, उगाळताना दिसत नाही. फुलवात तुपात भिजलेली दिसते, ती वळलेली कधी, ते दिसत नाही. सासूबाईंची तयारी आदल्या संध्याकाळीच झालेली होती. म्हणून त्यांनी दुसरा व्हिडिओ पाठवला, फक्त तयारीचा. वाती आठवड्याच्या एकदम करून डबीत ठेवायच्या. रात्री ताटात उदबत्ती, काडेपेटी, वाटी मांडून ठेवायची. सकाळी चहाचं आधण ठेवलं की सहाणेवर गंध उगाळून घ्यायचं. यानंतर पूजा दहा मिनिटांत बसू लागली.

दुसरी गंमत हातांची. पहिला व्हिडिओ समोरून काढला होता. समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो, म्हणून नात घंटा उजव्या हातात धरू लागली. तुम्हांला असा व्हिडिओ काढायचा असेल तर पूजा करणाऱ्याच्या पाठीमागून, उजव्या खांद्यावरून काढा. मग पाहणाऱ्याला ते हात आपलेच वाटतात. आणि शिकणाऱ्याने चार दिवस आधी नुसतं पाहावं. ओल्या हाताने मोबाइल थांबवत पूजा करायला गेलं की क्रमही चुकतो आणि मनही.

फ्लॅटमधल्या देव्हाऱ्याची एक गोष्ट मात्र व्हिडिओत येत नाही. तो बहुधा भिंतीतल्या लाकडी फळीखाली असतो. वरच्या फळीला काळा डाग दिसू लागला, किंवा हात लावल्यावर ती गरम लागली, तर दिवा फार जवळ आहे असं समजावं आणि तो पुढे, खाली ताम्हनात ठेवावा. घराला कुलूप लावण्यापूर्वी समईची वात मागे तेलात ओढून दिवा शांत करावा. तेवत्या दिव्याला एकटं सोडून जाऊ नये.

श्रोतेहो, तुमच्या घरी पूजेचा क्रम हातात असलेलं वडीलधारं माणूस असेल. कुळाकुळाची रीत थोडी वेगळी असते. कुठे जोतिबाचा टाक, कुठे पालीच्या खंडोबाचा, कुठे भवानीचा. दुसऱ्या घरच्या व्हिडिओत तुमच्या घरची रीत सापडणार नाही. तेव्हा येत्या रविवारी त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभे राहा, आणि आदल्या संध्याकाळच्या तयारीपासून सुरुवात करा. नमस्कार.