दिवे चालू, पण संगणक बंद

गटाच्या खोलीत हायब्रीड इन्व्हर्टर बसवला, वरती सोलर पॅनेलही आहेत. तरी लाइट गेली की पंखा फिरतच राहतो आणि संगणक मात्र बंद पडतो, निम्मा भरलेला फॉर्म जातो. असं का होतं, ते आज पाहू.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला क्षणभर घेतो. साध्या मोडमध्ये साधारण वीस मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. दिवा फार तर लुकलुकतो. पण संगणकाच्या आतल्या सप्लायमध्ये भरलेली वीज पूर्ण लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंदच पुरते. सप्लाय जुना असेल तर त्याहून कमी. म्हणून तो कधी तगतो, कधी बसतो.

बऱ्याच हायब्रीड इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये APL आणि UPS असे दोन पर्याय असतात. कंपनीकडून बहुधा APL लावून येतो. UPS केलं की बदल दहा मिलिसेकंदांच्या आसपास होतो, तेवढं संगणक सोसतो. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. APL मध्ये दाब नव्वद व्होल्टपर्यंत उतरला तरी इन्व्हर्टर तीच वीज पुढे सोडतो. UPS मध्ये एकशे सत्तरच्या खाली गेला की बॅटरीवर येतो. हे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, आपल्या पुस्तिकेत पाहून घ्या.

समजा, शेजारी पिठाची चक्की आहे. मोटर सुरू होताना दाब क्षणभर एकशे तीसवर येतो. लाइट गेलेलीच नसते, म्हणून APL वरचा इन्व्हर्टर गप्प बसतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. चक्की सुरू व्हायच्या वेळीच हे घडत असेल, तर कारण हेच धरा आणि बसवणाऱ्या माणसाकडून सेटिंग UPS करून घ्या.

पण संध्याकाळभर दाब एकशे साठवरच राहत असेल, तर UPS सेटिंगमध्ये इन्व्हर्टर तासन्‌तास बॅटरीवर चालेल आणि खरी लाइट जाईल तेव्हा बॅटरी रिकामी असेल. अशा गावात APL च ठेवा आणि फक्त संगणकाला वेगळा छोटा यूपीएस लावा. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नका, तो एकदम खूप वीज ओढतो. लॅपटॉपला काहीच लागत नाही, त्याची बॅटरी आतच असते. मात्र ती ठीक हवी.

राउटरचं वेगळं आहे. त्याच्या अडॅप्टरवर बहुधा १००-२४० लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी दाब त्याला चालतो, पण मधली फट कधी कधी चालत नाही. त्याला राउटरसाठी मिळणारा बॅटरीचा छोटा यूपीएस लावा. राउटरवर बारा व्होल्ट लिहिलं असेल तर बाराचाच घ्या, आणि पिन बसते का ते दुकानातच बघा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लागेल, नाहीतर राउटर जागा आणि नेट झोपलेलं.

तपासायचं असेल तर आधी काम सेव्ह करून बंद करा, मग एकीने इन्व्हर्टरला येणारी मेन लाइट बंद करावी आणि दुसरीने राउटरकडे पाहावं. सगळे दिवे विझून एकेक करत पुन्हा लागले, तर राउटर रीस्टार्ट झाला. हे चार-पाच वेळा करा, एकदा निभावलं म्हणून सोडू नका.