शवासनात सतार का नको झाली?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत, गावातला योगवर्ग चालवणाऱ्या एका गटसदस्य ताईंनी केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज सांगायला सांगितलंय की योगवर्गात गाणं-वाजवणं कुठलं लावायचं. आधी माझी चूकच सांगते, म्हणजे पुढचं सगळं लक्षात राहील.

आमचा वर्ग समाजमंदिरात सकाळी साडेपाच ते सव्वासहा असतो. बावीस जणी येतात. सुरुवातीला मी काहीच लावत नव्हते. मग कोणीतरी म्हणालं, "ताई, शवासनात जरा शांत संगीत लावा ना." मी मोबाईलवर सतार शोधली. पहिली दोन मिनिटं ऐकली, फार सुंदर, एकेक सूर सावकाश. म्हटलं, हेच लावायचं. दुसऱ्या दिवशी आसनं सुरू करतानाच ती लावली. पस्तीस मिनिटं झाली, सगळ्या शवासनात आडव्या झाल्या आणि नेमकी त्याच वेळी सतार धावायला लागली. तारा नुसत्या खणखणायला लागल्या. मी बघतेय तर कोणाच्या पायाची बोटं हलतायत, कोणी डोळे उघडून छताकडे बघतेय. एक जण उठून बसली आणि म्हणाली, "ताई, काय माहीत, घरी दूध उतू जातंय असं वाटायला लागलं."

आणि ते संपलं तशी धाडकन जाहिरात लागली. साबणाची. आमच्यातल्या एक आजी दचकून एकदम उठल्या. त्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, दोघींनी धरलं म्हणून बरं. पडल्या नाहीत, पण पुढचे आठ दिवस वर्गाला आल्या नाहीत.

मग मी आमच्या तालुक्याला शास्त्रीय गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे गेले आणि विचारलं, चूक काय झाली? त्या हसल्या. म्हणाल्या, "सतारीची चूक नाही. तू सुरुवात ऐकलीस, शेवट ऐकलाच नाहीस."

त्यांनी समजावलं ते असं. सतार, सरोद, संतूर यांचं मोठं वादन पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातं. पहिला असतो आलाप. त्यात ठेका नसतो, सूर सावकाश उलगडतात. मग जोड. तबला अजून नाही, पण वाजवण्यात एक चाल येते. मग झाला. त्यात तारा भराभर छेडतात. त्याच्यानंतर तबला येतो, आधी विलंबित, मग द्रुत. म्हणजे हे संगीत शांततेकडून वेगाकडे जातं. आणि आपला वर्ग वेगाकडून शांततेकडे जातो. दोघांची दिशाच उलटी! गाण्याच्या मैफलीतही तसंच, आधी बडा ख्याल सावकाश, मग छोटा ख्याल जलद. म्हणून एकच रेकॉर्डिंग लावून वर्गभर चालू ठेवलं की शवासनाच्या वेळी नेमका वेगाचा भाग येतो.

आता वेगाने एवढं काय होतं? बायांनो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जात्यावरची ओवी जात्याच्या फेऱ्याला धरून चालते. पाळणा झोक्याला धरून चालतो. लेझीम जोरात सुरू झालं की आपला पाय आपोआप हलतो. अंग तालाच्या मागे जातं, श्वासही जातो. इटलीतल्या डॉक्टरांनी हे मोजूनही बघितलंय, 2006 साली त्यांचा अभ्यास छापून आला. संगीताचा वेग वाढला तसा ऐकणाऱ्यांचा श्वास आणि नाडी वाढली. आणि गंमत म्हणजे, मधे दोन मिनिटं संगीत थांबवलं तेव्हा नाडी सर्वांत शांत झाली. तेव्हा शांतता हेही आपल्या हातातलं साधन आहे, हे विसरायचं नाही.

वेग मोजायला यंत्र नको. सेकंदकाट्याचं घड्याळ समोर ठेवायचं, गाण्याबरोबर हलकी टाळी धरायची आणि पंधरा सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजायचं. वीस ते पंचवीस पडल्या तर ते सुरुवातीच्या अंग मोकळं करण्याला छान. पंधराच्या आसपास पडल्या, म्हणजे सेकंदाला एक, तर ते सावकाशीच्या आसनांना चालेल. शवासनाला मात्र टाळीच धरता येणार नाही असं हवं. टाळी धरता आली की मन मोजायला लागतं.

प्राणायामाला तर मी ठेक्याचं काहीच लावत नाही. का, तर प्रत्येकीचा श्वास वेगळा. एखादीला चार मोजेपर्यंत श्वास घेता येतो, एखादीला दम लागतो, तिला तीनच. ठेका चालू असला की सगळ्या त्याच्याबरोबर ओढत जातात, आणि दमेकरी बाई गुदमरते. श्वास ज्याचा त्याचा, त्याला बाहेरून हाकायचं नाही.

आता वाद्यांचं. बाईंनी मला एकच खूण दिली: सूर सुरू कसा होतो ते ऐक. संतूरला काठीने आघात होतो, सतारीला नखीने. बासरीत फुंकरेने सूर हळूच उगवतो आणि हळूच मावळतो. म्हणून आडवं पडलेल्या माणसाला बासरी सोसते. तीसुद्धा खालच्या सुरातली, मोठ्या बासरीची. वरचे तीक्ष्ण सूर समाजमंदिराच्या पत्र्याला लागून कानात घुसतात. झांज, टाळ, घुंगरू शवासनाला नकोतच. सनई मंगल असते खरी, पण ती ऐकली की आपल्या डोक्यात लगीनघाई सुरू होते.

पण सगळ्यांत चांगला निघाला तो तानपुरा. त्याला चार तारा, पहिली बहुतेक पंचमाची आणि बाकी तिन्ही षड्जाच्या. त्या एकामागून एक छेडत राहायच्या, बस. त्यात चाल नाही, शब्द नाहीत, चढ नाही, उतार नाही. पुढे काय येणार याची वाट बघावी असं काही नाहीच, म्हणून मन वाट बघणं सोडून देतं. शब्द नसल्यामुळे आणखी एक झालं. आमच्या वर्गात सगळ्या समाजाच्या बाया आहेत. भजन लावलं की काही जणी गुणगुणायच्या आणि काही जणी अवघडून बसायच्या. तानपुरा कोणालाच परका वाटला नाही. भजन, भावगीत सुरुवातीला लावा, सगळ्यांना विचारून. शवासनात शब्द नकोत, कारण ओळखीचं गाणं लागलं की मन त्या गाण्याच्या मागे माहेरी जातं. आणि ओंकार म्हणायचा असेल तर तानपुऱ्याची पट्टी बघून घ्या. पुरुषांचा तानपुरा बहुतेक काळी एकच्या आसपास असतो, त्यात बायांचा गळा ताणतो. पांढरी पाच किंवा काळी चार लावून बघा, सगळ्यांचा आवाज सहज मिळतो.

तिसरी गोष्ट, अचानक बदल. यानेच आजींना त्रास झाला. अचानक मोठा आवाज झाला की खांदे वर जातात, श्वास अडतो, छाती धडधडते. विचार करायच्या आधीच अंग हे करतं. आणि फक्त मोठा आवाजच नाही, अचानक थांबणंही तसंच. पाळण्यातलं लेकरू आठवा. डोळा लागला म्हणून आपण एकदम गप्प झालो की ते टकामका बघायला लागतं! म्हणून आपली आई पाळणा म्हणताना आवाज बारीक बारीक करत नेते, झोका हळू करते, मग हात काढते. शवासनाचं संगीत अगदी तसंच काढून घ्यायचं.

हे धक्के कुठून कुठून येतात ते मी लिहून ठेवलंय. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी टाळ्यांचा कडकडाट असतो. मोबाईलवर एक संपलं की दुसरं आपोआप लागतं. मधेच कोणाचा तरी फोन येतो. स्पीकरची बॅटरी उतरली की तोच मोठ्याने बोलतो. आणि छोटं रेकॉर्डिंग परत परत लावलं तर प्रत्येक सांध्यावर आवाज तुटतो.

म्हणून आता आमची पद्धत अशी. तासभराचा तानपुरा मोबाईलमध्ये उतरवून ठेवलाय, त्यामुळे नेट बंद आणि जाहिरात बंद. फोन विमान मोडवर. स्पीकर आदल्या रात्री चार्ज करायचा आणि बाया यायच्या आधीच जोडून ठेवायचा, म्हणजे जोडतानाची टुणटुण कोणाला ऐकू येत नाही. स्पीकरचं तोंड भिंतीकडे, कोणाच्याही डोक्याजवळ नाही. आवाज किती? मी नेहमीच्या आवाजात बोलले तर शेवटच्या रांगेतल्या बाईला नीट ऐकू आलं पाहिजे, तेवढाच. शेजारची गिरणी चालू झाली तर ती झाकायला आवाज वाढवायचा नाही, उलट संगीत बंद करायचं.

पंचेचाळीस मिनिटं अशी जातात. पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करायला मध्यम लयीचं भजन किंवा गाणं. मग वीस मिनिटं आसनांना बासरीचा आलाप, नुसता आलाप, तबला यायच्या आत संपणारा. पाच मिनिटं प्राणायाम, तेव्हा काहीच नाही. शेवटची दहा मिनिटं शवासन. त्यात तानपुरा अगदी बारीक सुरू करायचा, पहिल्या मिनिटात थोडा वाढवायचा, आठव्या मिनिटापासून कमी कमी करत बंद. उरलेलं मिनिटभर शांतता. मग मी हळू आवाजात सांगते: बोटं हलवा, कुशीवर वळा, थोडं थांबा, हाताचा आधार घेऊन उठा.

नवीन काही लावायचं असेल तर मी आधी घरी आडवी पडून, डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते. मधे एकदा जरी माझे डोळे आपोआप उघडले, तर ते शवासनाला नापास. आणि वर्गात बायांकडे बघते. पापण्या थरथरत नाहीत, पावलं बाहेरच्या बाजूला सैल पडलीत, पोट सावकाश वरखाली होतंय, म्हणजे जमलं. कपाळाला आठी दिसली की आवाज कमी.

एक मात्र सांगून ठेवते. संगीताने बीपी बरं होतं असं मी म्हणत नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवायच्या. आणि एखादीला संगीत नकोच असेल तर तिचंही ऐकायचं. आमच्याकडे एका ताईंना बासरी ऐकली की गेलेल्या भावाची आठवण येऊन रडू येतं. त्या असतात त्या दिवशी आम्ही आसनांनाही तानपुराच लावतो.

आजी नवव्या दिवशी परत आल्या. पहिले दोन दिवस शवासनात त्यांनी एक डोळा उघडा ठेवला होता, स्पीकरवर लक्ष ठेवायला! तिसऱ्या दिवशी दोन्ही मिटले. चौथ्या दिवशी बारीक घोरल्या. मी त्यांना शेवटी उठवलं.

एवढंच सांगायचं होतं.