पडून राहिलेल्या खात्याचे काय होते?



बदलीचा हुकूम आला की मुख्याध्यापक कपाटाच्या किल्ल्या, जनरल रजिस्टर आणि डेडस्टॉक रजिस्टर नव्या माणसाच्या स्वाधीन करतात. शाळेच्या नावाने उघडलेले जीमेल खाते मात्र चार्ज यादीत क्वचितच आढळते.

नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातील एक शाळा कल्पिता येईल. मुख्याध्यापकांनी शाळेच्या संगणकावर असे वैयक्तिक स्वरूपाचे खाते उघडले, त्यास स्वतःचा मोबाईल क्रमांक जोडला आणि शाळेची छायाचित्रे व तक्ते त्यात साठविले. जून २०२२ मध्ये आंतरजिल्हा बदली होऊन ते लातूर जिल्ह्यात औशास गेले. त्यानंतर ते खाते कोणीही उघडले नाही.

गुगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार, दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. डिसेंबर २०२३ पासून हे धोरण अमलात आले. संस्थेसाठी रीतसर घेतलेल्या खात्यांना ते लागू नाही. खाते काढण्यापूर्वी काही महिने अनेक सूचना पाठविल्या जातात. एक त्याच खात्यावर आणि दुसरी, दिलेला असल्यास, पर्यायी ई-मेल पत्त्यावर. मुखेडच्या शाळेने पर्यायी पत्ता दिलेलाच नव्हता. म्हणजे बंद घराच्या दाराखालून नोटीस सरकवावी, तसाच हा प्रकार! जून २०२४ मध्ये दोन वर्षे भरली व खाते केव्हाही जाण्याच्या स्थितीत आले.

खाते गेल्यावर नावाचे काय होते, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. काढून टाकलेला जीमेल पत्ता पुन्हा कोणासही, मूळ मालकासही, मिळत नाही. याहूने २०१३ मध्ये याउलट केले. बारा महिने न वापरलेली नावे इतरांस खुली झाली आणि जुन्या धारकांची पत्रे नव्या धारकांच्या हाती पडू लागली.

मोबाईल क्रमांकाची गत याहूसारखीच आहे. प्रीपेड क्रमांक नव्वद दिवस मुळीच वापरला नाही व त्यात पुरेशी शिल्लक नसली, तर तो बंद होऊ शकतो; आणखी किमान नव्वद दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकास देता येतो. मुख्याध्यापकांनी औशास नवे सिमकार्ड घेऊन जुने टाकून दिले असेल, तर शाळेच्या खात्याचा ओटीपी त्या तिऱ्हाइताच्या फोनवर जाईल. खाते अजून शिल्लक असले, तरी शाळेस ते उघडणे कठीण!

म्हणून चार्ज देतेवेळीच खाते उघडून जोडलेला क्रमांक बदलावा आणि पर्यायी पत्ता नोंदवावा. त्या खात्यातून एखादे पत्र वाचले तरी दोन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते. शिवाय गुगलच्या निष्क्रिय खात्यासंबंधीच्या व्यवस्थेत तीन ते अठरा महिन्यांपर्यंतची मुदत निवडून दहापर्यंत विश्वासू व्यक्तींची नावे देता येतात. मुदत उलटली की त्यांना कळविले जाते आणि नेमून दिलेला मजकूर त्यांना उतरवून घेता येतो.