नकार तोंडी घेऊ नका



आपल्या वाशीममध्ये आंदोलनाची परवानगी मागितली की ‘कलम ३७ लागू आहे’ असं उत्तर मिळू शकतं. बीडच्या माजलगावात तेच झालं. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधात ईदगाह मैदानावर धरणं धरायचं होतं. पोलिसांनी या कलमाखालचा मनाई आदेश दाखवून नकार दिला. लोक औरंगाबाद खंडपीठात गेले. १३ फेब्रुवारी २०२० ला कोर्टाने आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले. आदेश वरवर सर्वांसाठी होता, पण रोख आंदोलकांवरच होता, असं कोर्टाला दिसलं.

म्हणून आयोजकांनी नकार लेखी मागावा, आदेशाची प्रतही. त्यावरची तारीख बघा: जमावबंदी शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपुढे चालत नाही. आदेश लागू असेल तर मात्र तो आपणच चुकीचा ठरवून रस्त्यावर बसू नका. ते काम कोर्टाचं.

पकडलंच तर आधी विचारा, कलम कोणतं? नुसत्या बेकायदेशीर जमावाचं, म्हणजे न्याय संहितेचं १८९(२) असेल, तर गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन ठाण्यातच मिळतो, तो हक्क आहे. पण एकाने पोलिसावर दगड मारला, तर अजामीनपात्र कलम लागतं आणि समान उद्देश दाखवून कलम १९० खाली ते शेजारी उभ्या असलेल्यावरही लावलं जातं.