चहाचा गल्ला आणि घरखर्च

रामाकोन्यातल्या एका चहाच्या टपरीचा हिशेब उदाहरण म्हणून मांडू. दिवसाला दहा रुपयांचे 150 कप, म्हणजे 1500 रुपये गल्ला. दूध, साखर, पत्ती, गॅस यांवर 900 गेले, तर 600 उरतात. पण मालक गल्ल्यातूनच किराणा आणि शाळेची फी भागवत असेल, तर विक्री तेवढीच असूनही दूधवाल्याची उधारी वाढत जाते. धंद्याचं भांडवल घर खातंय, हे ओळखायची खूण हीच.

म्हणून मालकाने स्वतःला रोज 400 रुपये मजुरी द्यावी आणि ती वेगळ्या डब्यात ठेवावी. उरलेले 200 मंदीच्या दिवसांसाठी गल्ल्यातच राहतील. घरी नेलेलं अर्धा लिटर दूधही वहीत मजुरीतून वजा करावं. ही गळती सहसा कुणी मोजत नाही. मोबाइलवरून येणाऱ्या पैशांसाठी बँकेत वेगळं खातं हवं.

एवढ्याशा धंद्यात दोन हिशेब कशाला, असं कुणी म्हणेल. पण गल्ला लहान, म्हणूनच शंभर रुपयांची उचलही दुसऱ्या दिवशीच्या दुधात जाणवते. घरात आजारपण आलं तर पैसे जरूर घ्यावेत, मात्र ‘उचल’ म्हणून लिहून पुढच्या मजुरीतून थोडेथोडे फेडावेत.